शिंपीकाकांचा घट्ट बेत

शिंपीकाकांची मान इतकी आखडली होती की कुणी हाक मारली तर ते स्टुलासकट वळायचे. "मानेचे व्यायाम करा, नाहीतर मशीन सोडावी लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका दर सोमवारी ठरवत, रोज पहाटे तासभर व्यायाम करायचा, आणि बुधवारपर्यंत तो बेत बारगळे.

"माझ्यात जिद्दच नाही," ते हताश होऊन म्हणाले.

"गिऱ्हाइकाला सदरा घट्ट झाला, तर तुम्ही गिऱ्हाईक कापता की शिवण उसवता?" काकूंनी विचारलं. "बेतच उसवून बघा की! उशिरापर्यंत शिवत बसता, मग पहाटे डोळा उघडेल कसा? चटई ठेवलीय उंच कपाटावर, ती रोज काढणार कोण? आणि चार हालचालींना तासभर कशाला? कुस्तीला उतरायचंय?"

काकांनी बेत नव्या मापाने कापला. मशीनमधल्या छोट्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा संपला की ती भरण्याआधी, बसल्या जागीच, मान सावकाश डावी-उजवीकडे वळवायची. दोरा दिवसभर संपतच असतो, त्यामुळे वेगळी आठवण नको. तरी सुरुवातीला विसरत, तेव्हा मशीन थांबलेली ऐकून काकू आतून ओरडत, "दोरा संपला वाटतं!"

काही आठवड्यांनी काकूंनी मागून हाक मारली आणि काकांनी नुसती मान वळवली.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "आज स्टूल नाही आलं बरोबर?"