फट नसल्याचा खुलासा

तक्रारदार: स्टेशनबाहेर अर्ज लिहून देणारा मी स्वतः. आरोपी: तोही मीच. साक्षीदार: भाईंदरच्या मिठाच्या सायडिंगवरील, म्हणजे मीठ भरायच्या बाजूच्या फाट्यावरील, रूळ. काळ: नव्वदच्या आसपासचा उन्हाळा.

भर दुपारी त्या सायडिंगवरचा रूळ वाकला आणि तो सांभाळणाऱ्या मुर्धा गावच्या गँगमनवर चौकशी बसली. खुलासा लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला.

"भाऊ, पहाटे दोन रुळांच्या सांध्यात पेन्सिलीच्या जाडीची फट होती, मी मोजलीय. रुळाला धरून ठेवणारी खडीच कमी होती, ते लिहा."

फट म्हणजे हलगर्जीपणा, असे माझ्या अनुभवी बुद्धीने ठरवले. मी लिहिले, 'अर्जदाराने सांध्यांत तिळमात्रही फट राहू दिली नव्हती.' वाचून न दाखवताच मी त्याचा अंगठा घेतला.

नोकरी गेल्यावर तो पुन्हा आला. "रूळ दुपारी तापून लांबतो, रात्री आखडतो. फट नसली तर लांबायला जागा कुठाय? मग तो आडवा वाकतो. तुम्ही माझ्या अंगठ्यावर गुन्हा कबूल करून टाकलात. अक्षर मात्र झकास हं, भाऊ."

तो आता हयात नाही. तरी दुपारी सायडिंगवर गेलो की मिटत आलेल्या सांध्यापाशी कोणीतरी वाकून मोजताना मला दिसते. पहाटे सांधा उघडलेला असतो आणि तेथे कोणी नसते.

सबब नम्र विनंती की, ते वाक्य त्याचे नव्हते, माझे होते, अशी नोंद रेल्वेने त्याच्या कागदांत घ्यावी आणि त्याच्या पत्नीस तसे लेखी कळवावे.