सर्व प्रकारच्या फरशीसाठी

आमच्या ह्यांना जगातली सगळी कामं जमतात, फक्त 'नाही' हा शब्द लिहिता येत नाही. बोलता येतो, बोलण्यात तर ते पटाईत. 'भाजीत मीठ नाही', 'घरात शांतता नाही', 'तुले अक्कल नाही' हे दिवसभर चालू असतं. पण मोबाइलवर आपला माल विकायला ठेवला, आणि 'कशावर वापरू नये' असा रकाना समोर आला, की ह्यांचा अंगठा लुळा पडतो.

माल म्हणजे फरशी धुवायचं औषध. आम्ही मालेगावात राहतो, नाशिककडचं नव्हे, आमचं वाशीम रोडवरचं. इकडे बोअरचं पाणी इतकं खारं की नवीन टाइल्स वर्षभरात पांढऱ्याफट्ट पडतात. हे आधी कृषी केंद्रात नोकरीला होते. तिथून त्यांच्या डोक्यात आलं की क्षार काढायचं औषध आपणच बनवावं. अकोल्याहून ॲसिड आणायचं, निळ्या ड्रममध्ये आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सावकाश ॲसिड सोडायचं, वरून थोडा साबण, हिरवा रंग आणि लिंबाचा वास. हातात मोजे, तोंडाला फडकं, हे सगळं नीट. बनवताना माणूस शहाणा असतो हो. विकताना काय होतं कोण जाणे.

बाटल्या भरायचं काम माझं. त्यात साबण असल्यामुळे भरताना फेस येतो, बाटली तोंडापर्यंत भरल्यासारखी दिसते, आणि फेस बसला की माल दोन बोटं खाली. हे म्हणाले, "बाटलीवर एक लिटर छापलं ना? मंग झालं. फेसही मालच हाय." मी म्हटलं, "मग दूधवाल्याचा फेस काहून उडवता रोज सकाळी?" तेव्हापासून फेस बसू देऊन, पुन्हा वरून भरून, मगच झाकण लावते. ही एक लढाई मी जिंकले. पुढची हरले, म्हणून हे लिहायला बसले.

विकायच्या ॲपवर मालाची माहिती भरावी लागते. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळे ते काम माझ्याकडे. मी जेवढं खरं तेवढं लिहिलं. रोजच्या पुसण्याला बादलीभर पाण्यात एक झाकण. जुन्या डागाला एक भाग औषध, दहा भाग पाणी, थोडा वेळ ठेवून साध्या पाण्यानं धुवायचं. आधी कोपऱ्यात लावून बघायचं. चिनी मातीच्या टाइल्सवर आणि व्हिट्रिफाइडवर चालतं. संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा यांवर वापरू नये, कारण हे सगळे चुन्याचे दगड, ॲसिड त्यांना खातं. आणि शेवटी दोन ओळी: ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नये, विषारी वायू होतो. लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

ह्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अव, तू माल विकून राह्यली का लोकायले भेववून राह्यली? शहाबादी नाई, कडप्पा नाई. आपल्या जिल्ह्यात मंग राह्यलं काय? जऊळक्यापासून शिरपूरपर्यंत घराघरात शहाबादी हाय. ओटा म्हटला की कडप्पा. आता काय लोकायच्या डोक्यावर टाकू मी हे औषध?"

खरं सांगू? बोलणं चुकीचं नव्हतं. आमच्या भागात हे औषध चालेल अशी फरशी म्हणजे बाथरूमच्या भिंती आणि नवीन पैसा आलेल्यांचा हॉल. पण त्यावर उपाय हा की माल तेवढाच विकायचा. ह्यांनी उपाय काढला तो वेगळा. मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात सगळं खोडलं आणि नवं लिहिलं. 'सर्व प्रकारच्या फरशीसाठी. पाणी मिसळा अथवा तसेच वापरा. इतर सफाई पावडरीसोबत दुप्पट असर. लहान मुलांच्या घरासाठी अत्यंत सुरक्षित. वासाने मन प्रसन्न.' आणि वर एका गोऱ्या बाळाचा फोटो, पालथं पडून फरशीवर हसणारं. बाळ कुणाचं, देव जाणे.

"हे 'दुप्पट असर' कुठून आलं?" मी विचारलं.

"लोकं तसंच करतात. मी कायले ना म्हणू?"

इथंच माझं डोकं फिरलं. कृषी केंद्रात असताना हाच माणूस शेतकऱ्यांना फवारणीचा डबा देताना त्यावरचा विषाचा लाल त्रिकोण दाखवून दम द्यायचा. 'तोंडाले रुमाल बांधजो, वाऱ्याच्या उलट फवारजो नोको, दोन औषधं एका पंपात कालवजो नोको.' एवढ्या मोठ्यानं की बाहेर बसस्टँडवर ऐकू जायचं. दुसऱ्याच्या औषधाला इतके नियम, आणि स्वतःच्या औषधाला गोरं बाळ! मी भांडले, जेवण टाकून बसले, काही उपयोग झाला नाही. मला एकच भीती होती. कुणीतरी बाई हे वाचेल, खरं मानेल, आणि दार लावलेल्या न्हाणीत पावडर कालवेल.

महिनाभरात एक ग्राहक उखडला. 'कडप्प्याचा ओटा होता काळा, झाला पांढरा. पैसे परत करा.' ह्यांनी उत्तर दिलं, 'आपला ओटा उजळ झाल्याबद्दल अभिनंदन.' आणि ते उत्तर दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं. मी हसले नाही. नाही, थोडी हसले. पण राग आला होता हे खरं.

मग महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. त्या यायच्या आधी घराचा कोपरा न् कोपरा घासून निघतो, आणि ते घासणं माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या हातचा फरशीवरचा पोचारा सरकारी कामासारखा नसतो, खरा असतो. कुठलीही सफाई करायची तर घरातलं जे जे कडक आहे ते ते एकत्र करायचं, ही त्यांची पद्धत. निरम्यात सोडा, सोड्यात लिंबू, लिंबात मीठ. कडक आणि कडक मिळून लई कडक, हा त्यांचा सरळ हिशोब, आणि आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या बायांचाही तोच.

त्या दिवशी मी फुलोऱ्याच्या करंज्या तळत होते. आत्याबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, आणि घरच्या बाटलीवर लेबल नसतंच. घरच्या मालाला लेबल कोण लावतो? म्हणून त्यांनी ह्यांनाच विचारलं, "बापू, हे तुहं औषध कसं वापरू रे? पावडरीत टाकलं तर चालन का?"

ह्यांचं लक्ष फोनमध्येच होतं. त्यांनी ॲप उघडलं आणि आईला आपली सगळी माहिती खणखणीत आवाजात वाचून दाखवली. फरशीपासून मन प्रसन्न होईपर्यंत. कढईच्या चरचरीत मला फक्त सूर ऐकू आला, शब्द नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या लेकानं काय लिवलं बाप्पा!" आणि न्हाणीत गेल्या.

विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर बादलीत घेतली, वरून आमचं औषध ओतलं. तसंच. पाणी न मिसळता. शिंतोडे बाहेर उडू नयेत म्हणून दार ओढून घेतलं होतं.

आधी वास आला. नाकात, घशात टोचणारा. मी कढई उतरवली. मग खोकला ऐकू आला, असा की त्यात मध्ये श्वासच नव्हता. मी ओरडले, "अहो, आत्याबाईंना बघा!" हे धावले. न्हाणीचं दार ढकललं तर आत पिवळसर धूर आणि आत्याबाई भिंतीला धरून वाकलेल्या. ह्यांनी श्वास रोखून त्यांना उचललं आणि सरळ अंगणात आणलं. मी मागची सगळी दारं उघडली, कुणाला आत जाऊ दिलं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांवर साधं पाणी सोडत राहिले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी खूप घाबरले होते, आणि तेवढीच चिडले होते. दोन्ही एकदम होतं बाईला.

शेजाऱ्याच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, वाफेचं मशीन लावलं, आणि विचारलं, "ब्लीचिंगमध्ये काय मिसळलं? त्या औषधाची माहिती आहे का कुठे?"

मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "आहे ना. दाखवा की."

ह्यांनी फोन दिला. डॉक्टरीणबाईंनी वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण नर्सला लिहून घ्यायचं होतं. "इतर सफाई पावडरीसोबत दुप्पट असर. लहान मुलांच्या घरासाठी अत्यंत सुरक्षित. वासाने मन प्रसन्न." मग वर बघून म्हणाल्या, "हे कुणी मूर्खानं लिहिलंय?"

आमच्या संसारात मी असं उत्तर द्यायची संधी कधी सोडली नसेल. त्या वेळी सोडली. हे खाली बघत होते, आणि पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या होत्या, एक माझी.

मास्कच्या आतून आत्याबाई बोलायला लागल्या. आवाज पार बसलेला. "त्याची चूक नोको काढू, बाई. त्यानं बरोबरच वाचलं असन. म्याच पावडर जास्त टाकली."

हे उठून बाहेर गेले. मी दारातून बघितलं, व्हरांड्यातल्या बाकावर बसून माहिती बदलत होते. थोड्या वेळानं आत येऊन मला हळूच विचारलं, "तुह्या त्या दोन ओळी काय होत्या?"

मी सांगितल्या. शब्द न् शब्द.

एक रात्र ठेवून आत्याबाईंना घरी सोडलं. खोकला होता, पण जीव बचावला. महालक्ष्म्या त्या वर्षी न घासलेल्या घरात बसल्या, आणि त्यांची काही तक्रार आली नाही. आत्याबाई पलंगावर उशाला टेकून होत्या. म्हणाल्या, "बापू, ते औषधाचं वाच बरं पुन्हा. काय चुकलं माह्यं, ते पाहू दे."

ह्यांनी वाचलं. या वेळी आवाज खणखणीत नव्हता. बादलीला एक झाकण. शहाबादीवर नाही. कडप्प्यावर नाही. संगमरवरावर नाही. ब्लीचिंग पावडरीत मिसळू नये, विषारी वायू होतो. बाळाचा फोटो गेला होता.

आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग लेकाकडं बघितलं, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"मंग त्या दिवशी हे काहून नाई वाचलं रे, बापू?"