आमचे दोन धरून चाला

आमंत्रणाला उत्तर देणं हा आपल्याकडे कमीपणा समजला जातो, असं माझं ठाम मत आहे. लग्नपत्रिका आली की कोणी कळवतं का, आम्ही इतकेजण येतोय म्हणून? ज्याला यायचं तो येतो, येताना शेजारच्यालाही घेऊन येतो, आणि पंगतीत सगळे सामावतात. पण मी लग्नं लावत नव्हते. डोंबिवलीच्या कारखान्यांच्या भागात मालकांची एक संघटना आहे, तिचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळलं. अध्यक्ष बदलत, मी तीच. त्यामुळे माझ्या जिभेला थोडी धार आली असेल तर ती ऑफिसच्या खर्चाने आली आहे.

त्या वर्षी आम्ही वायुगळतीच्या वेळी काय करायचं याचं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. नुसतं भाषण असतं तर मी कोणाच्या मागे लागले नसते. भाषणाला कितीही माणसं बसतात, आणि निम्मी झोपतात. पण इथे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, तोंडावर मास्क चढवून प्रत्येकाने स्वतः सराव करायचा होता. प्रशिक्षक ठाण्याचे, वर्तकनगरला राहणारे, पूर्वी अग्निशमन दलात होते. त्यांनी फोनवरच बजावलं, "ताई, सहा सेट आणतो. एका सेटला पाच माणसं. सहावा नको. सिलिंडरमधली हवा संपते आणि माझं लक्षही पुरत नाही. आणि मला बुधवारी रात्रीपर्यंत आकडा हवा, गुरुवारी सिलिंडर भरायला जातात."

म्हणजे तीस खुर्च्या. सहा टेबलं, प्रत्येकावर एक सेट, भोवती पाचजण. मी आमंत्रणात स्पष्ट लिहिलं: प्रत्येक कंपनीला दोन जागा, माणसांची नावं कंपनीकडूनच बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत यायला हवीत, न आल्यास जागा प्रतीक्षेत असलेल्यांना दिली जाईल. अध्यक्षांनी ते न वाचताच सही केली. सही करताना ते फोनवर बोलत होते, नेहमीसारखे.

ग्रुपवर आमंत्रण टाकलं. पंधरा कंपन्या. काही वेळातच नमस्काराचे हात यायला लागले. एकाने हात जोडले म्हणून दुसऱ्याने जोडले, तिसऱ्याने फूल टाकलं. आता हे जोडलेले हात म्हणजे येतो, की येत नाही, की मिळालं, की नुसता आशीर्वाद? मला विचाराल तर त्याचा अर्थ एकच, मला त्रास देऊ नका. चार जणांनी नावं पाठवली. बाकीचे भाविक.

सोमवारी मी आठवण करून दिली, ग्रुपवर नाही, प्रत्येकाला वेगळी. ग्रुपवरची आठवण ही सगळ्यांची असते, म्हणजे कोणाचीच नसते. प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तिच्यात एक ओळ वाढवली: येणाऱ्याने दाढी करून यावं, दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि वायू आत येतो. या ओळीवर मात्र फटाफट उत्तरं आली. एक मालक म्हणाले, "मॅडम, दाढी माझी आणि हुकूम तुमचा?" मी म्हटलं, "दाढी ठेवा, पण माणसाचं नाव पाठवा." ते हसले आणि नाव नाही पाठवलं.

मंगळवारी फोन. आणि फोनवर एकच वाक्य, जणू सगळ्यांनी मिळून पाठ केलं होतं: "आमचे दोन धरून चाला." मी विचारायचे, कोण दोन? "अहो कोणीतरी पाठवतो ना, धरून चाला तुम्ही." मला हे धरून चालणं आदल्या वर्षीच महागात पडलं होतं. सगळ्यांचे धरून चाललो आणि अर्धा हॉल रिकामा. ज्यांना खरंच यायचं होतं त्यांना मी स्वतः नाही म्हणून सांगितलं होतं, जागा नाही म्हणून. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायची माझी हौस तेव्हाच फिटली.

या वर्षीही एक बाई मागे लागली होती. शहाडला राहायची, आमच्याकडे एका अगदी लहान कारखान्यात शिफ्ट सांभाळायची. त्यांचा मालक संघटनेचा सभासद नव्हता. तिने आठवडाभरात तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे ते सिलिंडर आलेलं आहे, पण पेटीतच आहे. मागे गळती झालेली, तेव्हा आमचा एक माणूस आत पडला आणि आम्ही बाहेर ती पेटी बघत उभे. घालायचं कसं ते कोणालाच माहीत नाही. एक खुर्ची सुटली तर सांगा ना." तो माणूस वाचला होता, पण ती पेटीपाशी उभी राहिलेली वेळ तिच्या आवाजात अजून होती. मी म्हटलं, बुधवारी पाचनंतर सांगते.

बुधवारपर्यंत एक सोडून सगळ्यांची नावं आली. काही दटावून, काही त्यांच्या बायकांना फोन करून. होय, बायकांना. घरच्या फोनवर मी सांगितलं की साहेबांचं एक उत्तर राहिलंय, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. राहिली ती कंपनी खुद्द अध्यक्षांची.

मी त्यांना इतरांसारख्याच आठवणी पाठवल्या होत्या. दुपारी केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आता मलाही रिमाइंडर? घरचंच कार्य आहे. माझे दोन धरूनच चाला."

"नावं द्या, लगेच धरते."

"देतो हो, संध्याकाळी."

पाच वाजले. मी साडेपाचपर्यंत थांबले, हे मी सांगून ठेवते, कारण नंतर गावभर झालं की मी टपूनच बसले होते. साडेपाचला मी शहाडच्या बाईला फोन केला आणि म्हटलं, या, आणि तुमच्याकडचा आणखी एक माणूस आणा. मग प्रशिक्षकांना तीसचा आकडा कळवला, जेवणवाल्याला कळवला, टेबलांवर नावांच्या चिठ्ठ्या करून ठेवल्या. अध्यक्षांना मेसेज केला की मुदत संपल्यामुळे आपल्या दोन जागा दिल्या आहेत. त्यांचे जोडलेले हात आले. वाचलं नव्हतंच.

शनिवारी सकाळी सगळे बसले होते, सहाही टेबलं भरलेली. शहाडची बाई तिसऱ्या टेबलावर, पदर खोचून, आणि सिलिंडरच्या काट्यावर दाब कसा वाचायचा ते प्रशिक्षकांकडून समजून घेत होती. तेवढ्यात अध्यक्ष आले, मागे त्यांचे दोन सुपरवायझर.

"माझे कुठे बसतात?"

मी म्हटलं, "बसत नाहीत. जागा बुधवारी गेल्या."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी हॉलकडे नजर टाकली. "दोन खुर्च्या घाला की. खुर्च्यांना काय तोटा आहे?"

"खुर्च्या घालते, शंभर घालते. मास्क सहाच आहेत आणि हवा मोजून भरलीय."

"मग ती कोण बसलीय? ती सभासद तरी आहे का? उठवा तिला."

त्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि खरोखरच उठायला लागली. आयुष्यभर उठवलेली माणसं अशीच उठतात, कोणी हात धरायच्या आधी. मला संताप आला. मी म्हटलं, "बसा हो तुम्ही. तुमची चिठ्ठी आहे टेबलावर." आणि अध्यक्षांना म्हटलं, "आमंत्रणावर सही तुमची आहे. मी तुमच्याच शब्दाला जागतेय. तो मोडायचा असेल तर माईकवर जाऊन तुम्ही मोडा, माझ्या हातून नाही."

ते माईकवर गेले नाहीत. लालबुंद होऊन फोन काढला आणि बाहेर गेले. मी जिंकले होते, आणि मला त्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

मग मी त्यांच्या सुपरवायझरांकडे वळले. दोघांपैकी जो वयाने मोठा होता त्याला मी ओळखत होते. वर्षानुवर्षं छातीपर्यंत दाढी, दत्ताचा भक्त, नवसाची दाढी म्हणायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा गुळगुळीत होता. गालांचा खालचा भाग कपाळापेक्षा फिका, ऊन न पाहिलेला. क्षणभर मी ओळखलंच नाही.

"दाढी कुठे गेली?"

"तुमच्या मेसेजमध्ये होतं ना, मॅडम. साहेबांनी फॉरवर्ड केलेला." तो हळूच म्हणाला, "मी साहेबांना सोमवारपासून सांगत होतो, नाव कळवा म्हणून. नाव कंपनीनेच पाठवायचं होतं ना. आपण कसं पाठवणार?"

नियम माझा बरोबर होता, आजही बरोबर आहे म्हणते. पण तो बसला कोणावर, तर नवस मोडून आलेल्या माणसावर. मालकाच्या आळसाची शिक्षा मालकाला झालीच नाही, त्याला तर वायूच्या टाकीजवळ जायचंच नव्हतं. मी त्या दोघांना मागे भिंतीला लागून खुर्च्या दिल्या, बघायला. मास्क नाही दिला. दिवसभर तो मान लांब करून दुसऱ्यांचे हात पाहत होता, आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते.

सोमवारी अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी भांडायच्या तयारीनेच गेले. हेच प्रशिक्षण पुन्हा ठेवायचं होतं, त्या पुढच्या तुकडीच्या आमंत्रणाचा कागद मी सोबत नेला होता आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. या वेळी त्यांनी वाचला.

"हे काय? आमंत्रण थेट सुपरवायझरांना? उत्तरही त्यांनीच द्यायचं? आणि मालक?"

"मालकांना माहितीसाठी प्रत."

"अहो, उद्या हे लोक आमच्या डोक्यावर बसतील!"

"ते टाकीवर चढतात, साहेब. डोक्यावर बसायला वेळ कुठे आहे त्यांना?"

"सगळं तुम्ही ठरवणार असाल तर अध्यक्ष कशाला हवा?"

"सही करायला," मी म्हटलं, आणि पेन पुढे केलं. नोकरी गेली तर गेली, असं मी त्या क्षणी खरंच ठरवलं होतं. त्यांनी रागाने माझ्या हातातून पेन ओढून घेतलं. मग सही केली. मालक लोकांना राग येतो, पण आमच्यावाचून अडतं हेही त्यांना कळतं.

मी तिथेच त्यांच्यासमोर बसून मेसेज पाठवायला सुरुवात केली. पहिला त्यांच्याच सुपरवायझरला, त्याच्या स्वतःच्या फोनवर. दुसऱ्याचा नंबर शोधते आहे तोवर फोन वाजला.

"आलं पण उत्तर?" अध्यक्ष म्हणाले. "काय म्हणतोय?"

"येतोय म्हणतोय," मी म्हटलं, आणि फोन उलटा ठेवला. पडद्यावर पुढचंही होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही: साहेबांनी नाही सांगितलं तरी येतोय.