दिव्यानीच्या गालांची आग

भद्रावतीत ज्योत्स्नाचं ब्युटी पार्लर आहे. नवरा सोडून गेल्यावर नवऱ्या मुली सजवत सजवत तिनं आपलं घर उभं केलं. मोठी बहीण हर्षा कॅन्सरनं गेली, तेव्हा अकरा वर्षांच्या भाचीला, दिव्यानीला, तिनं मोहर्लीहून आपल्याकडे आणलं. पोरीचा बाप सफारीची जिप्सी चालवतो. तो पहाटेच जंगलात, मग पोरीकडे कोण बघणार?

पोर गुणी. आईसाठी एकदाही रडली नाही. शाळेतून आली की पार्लरच्या आरशासमोर बसून राहायची.

थंडीतल्या एका सकाळी ती ओढणीत तोंड लपवून बसली. ज्योत्स्नानं ओढणी ओढली, तर गाल लालभडक, कातडी सोललेली, नाकाच्या कडेला चिरा.

"काय लावलं व पोरी तोंडाले?"

दिव्यानीनं पार्लरच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या दाखवल्या. एक सुरकुत्यांवरचं रेटिनॉल सीरम, दुसरं व्हिटॅमिन सीचं. दोन्ही मोठ्या बायांसाठी आणलेली. पोर दोन्ही रोज लावत होती.

ज्योत्स्ना तिला घेऊन चंद्रपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"या वयात कातडी आपली आपणच नवी होत असते," त्या म्हणाल्या. "सुरकुत्याच नाहीत, तर सीरम कशाला? उलट तिचा नाजूक पापुद्रा दुखावला. आता सगळं बंद. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, अन् बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. गाल बरे झाले की उन्हात जाताना सनस्क्रीन. क्वचित एखाद्या पोराला पुटकुळ्यांसाठी औषध लागतं, पण ते डॉक्टरनं द्यायचं."

परतीच्या एसटीत ज्योत्स्नानं विचारलं, "काऊन लावलं बाई तू ते?"

दिव्यानी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं तोंड शेवटी म्हातारीसारखं झालं होतं. सुरकुत्या पडल्या, अन् मंग ती गेली. बाटलीवर लिहिलं होतं, सुरकुत्या थांबतेत म्हणून. मले नाई जायचं, मावशी. बाबा एकटे पडतीन."

ज्योत्स्नानं तिला जवळ ओढलं. हर्षाला काय झालं होतं, हे या लेकराला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्यांनी आपसात कुजबुज केली, अन् तिला अंगणात खेळायला धाडलं.

"तुही आई म्हातारी नोती झाली, बेटा. तिले कॅन्सर होता. त्यानं ती वाळत गेली. सुरकुत्यांनी कोणी मरत नाई."

तेव्हा पोर पहिल्यांदा रडली. सोललेल्या गालांवर आसवं झोंबत होती, अन् तरी तिचं रडू थांबत नव्हतं. ज्योत्स्ना बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून हळूच टिपत राहिली.

काही आठवड्यांत गाल निवले. आता संध्याकाळी मावशी तिचं तोंड धुऊन देते, साधं मलम लावते. तेव्हा दिव्यानी डोळे मिटून आईबद्दल विचारते. आईला दुखत होतं का? तिनं मला हाक मारली होती का?

काही प्रश्नांची उत्तरं ज्योत्स्नाकडे आहेत. काहींच्या वेळी ती नुसती गालावर बोटं फिरवत राहते.