सहा माणसांचा वेळ

चेन्नईजवळ ओरगडमच्या त्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनायचे आणि मी तिथे 'प्रोसेस'वाली बाई होते. म्हणजे लोक काम करतात तेव्हा शेजारी उभं राहून ते किती वेळात करतात हे लिहायचं, आणि तेच काम कमी वेळात कसं होईल हे वरच्यांना सांगायचं. असली माणसं कुणाला आवडत नाहीत. मलाही कुणी तसं शेजारी उभं राहिलेलं चाललं नसतं.

मला नोकरीवर घेतलं ते आमच्या साहेबांनी. ते ठाण्याचे. चेन्नईत मराठी बोलायला माणूस मिळाला की जीव कसा थंड होतो हे परमुलखात राहिलेल्यालाच कळेल. अण्णा नगरच्या आमच्या घरी ते गणपतीत जेवायला यायचे, माझ्या मोदकांना कळ्या कमी पडल्या म्हणून चिडवायचे. मी त्यांना घरचंच माणूस समजत होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचा राग समजेल.

स्टोअरमधून असेंब्ली लाइनला सुटे भाग द्यायचे ते सगळं काम चिठ्ठ्यांवर चालायचं. भाग रॅकवर असूनही सापडायचा नाही आणि लाइन थांबायची. साहेबांना तिथे बारकोड आणायचा होता. त्यासाठी मॅनेजमेंटपुढे बिझनेस केस मांडायची होती: यंत्रणेवर एवढा खर्च, त्यातून एवढा फायदा. फायदा मोजायचा तर आधी आजची स्थिती मोजायला हवी. ते काम मी स्टोअरच्या सुपरवायझरच्या मदतीनं केलं.

ते तंजावरकडचे मराठी, वय पंचावन्नच्या पुढे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला अम्मा. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं, वर तमिळ हेल. पहिल्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांच्या भाषेला पोट धरून हसलो होतो. त्यांच्या हाताखाली चोवीस कंत्राटी माणसं. काकांनी तीन आठवडे मनगटावरचं घड्याळ बघून प्रत्येकाचा वेळ टिपला: चिठ्ठी लिहिण्यात किती गेला, भाग शोधण्यात किती, रजिस्टर भरण्यात किती. हिशेब असा निघाला की बारकोड आला तर प्रत्येकाचे दिवसाचे सरासरी दोन तास वाचतील.

माणसं जाणार का, असं काकांनी मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, नाही. वाचलेल्या वेळात रोज थोडे थोडे रॅक मोजून घ्यायचे, म्हणजे संगणकातला साठा आणि रॅकवरचा साठा जुळेल आणि लाइन थांबणार नाही. ते माझ्या मसुद्यात लिहिलेलंही होतं.

साहेबांनी मसुदा वाचला आणि म्हणाले की मॅनेजमेंटच्या समितीला तास कळत नाहीत. चोवीस जणांचे दोन-दोन तास म्हणजे अठ्ठेचाळीस, भागिले आठ, म्हणजे सहा. 'सहा माणसांची बचत' असं लिही. मी कां-कूं केलं. ते म्हणाले, "अगं, ही फक्त लिहिण्याची पद्धत आहे. सहा माणसं कुठे उभी आहेत का तिथे?" खरंच नव्हती. मी लिहिलं. रॅक मोजण्याचं वाक्य काही मी खोडलं नाही, त्यामुळे तेच तास एकाच कागदात दोनदा वापरले गेले, एकदा माणसं कमी करायला आणि एकदा रॅक मोजायला. इतकी साधी चूक माझ्या ध्यानात आली नाही, की येऊनही मी तिकडे काणाडोळा केला, हे आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

बारकोड आला. पहिले दोन महिने शिव्या खाल्ल्या, मग गाडी रुळावर आली. सहा महिन्यांनी मुख्य कार्यालयातून फायनान्सच्या एक बाई आढाव्यासाठी आल्या. काम सुरू करताना जे कबूल केलं होतं ते प्रत्यक्षात झालं का, हे बिझनेस केस समोर ठेवून ओळीनं ओळ तपासायचं, एवढंच त्यांचं काम. बाई नीट होत्या. भाग देण्याचा वेळ त्यांनी स्वतः स्टोअरमध्ये उभं राहून मोजला, तो ठरल्याइतका उतरला होता. साठा जुळत होता. लाइन थांबणं जवळजवळ बंद झालं होतं. मी आतून फुलून गेले होते.

मग त्या 'सहा माणसांची बचत' या ओळीवर आल्या. स्टोअरची हजेरी पूर्वीही चोवीस होती, आजही चोवीस. सहा माणसं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, ती माणसं नाहीत, तास आहेत, आणि ते रॅक मोजण्यात जातात, म्हणून तर साठा जुळतो. एवढं ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना पटत होतं, मला दिसत होतं. त्यांनी एवढंच म्हटलं की मग हा फायदा 'साध्य नाही' म्हणून लिहावा लागेल आणि मूळ अंदाज चुकीचा होता अशी नोंद करावी लागेल.

तेव्हा साहेब बोलले. इंग्रजीत, शांतपणे. अंदाज बरोबर होता, नवी यंत्रणा स्थिर होईपर्यंत माणसं आपण मुद्दाम ठेवली होती, महिनाअखेर सहा जण कमी होतील. वेळ हिनंच मोजला आहे, आकडा हिचाच आहे. मग माझ्याकडे वळून मराठीत, बाईंना कळू नये म्हणून, "आता गप्प बस."

मी गप्प बसले. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या दोघांची ती भाषा, जिच्यासाठी मी त्यांना घरचं मानलं, तीच त्यांनी माझं तोंड दाबायला वापरली. आणि मी दाबू दिलं. माझ्या नावापुढे चूक लिहिली जाणार नाही याचं मला कुठेतरी बरंही वाटलं होतं. साहेबांचा राग मी अजून करते, पण तो करताना हे आठवतं आणि राग पुरता येत नाही.

सहा नावं काकांनी द्यायची होती. दोन दिवसांनी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. पाळी बदलायच्या आधी चोवीसही जण रॅकांमध्ये उभे होते. काकांनी टेबलावर तीच टिपणं ठेवली होती, प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटं.

"अम्मा, चोवीस जणांचे तास मी लिहून दिलों. त्यातले सहा कोण, तें तुम्ही सांगा."

मी टिपणं वरपासून खालपर्यंत वाचली. कुणाचे पूर्ण आठ तास वाचले नव्हते, मग कुणाला काढायचं? काकांनी बोल्टांच्या एका रिकाम्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि स्वतःच सहा काढल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कुणी भांडलं नाही. नाव आलं की तो माणूस हातातली स्कॅनरची बंदूक टेबलावर ठेवून बाजूला होत होता.

शेवटची चिठ्ठी ज्याची निघाली तो चाळिशीचा, ब्रेक शूच्या रॅकवरचा. तो माझ्यासमोर आला आणि तमिळमध्ये त्यानं विचारलं की त्याचा किती वेळ वाचला होता. मला आकडा पाठ होता. एक तास चाळीस मिनिटं, मी सांगितलं.

त्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली. ओठ हललेले मला दिसले.

"मग उरलेले सहा तास वीस मिनिटं, मॅडम? ते काम उद्यापासून कोण करणार?"