खुंटीमावशीची आडवी ओळ

आमच्या भूजल खात्यात मी डिग्री घेऊन आले आणि खुंटीमावशी हातोडा घेऊन. ती माझ्या आधी एकवीस वर्षं आली होती, एवढं सांगितलं की कुणाचं कोणापुढे चालत असे ते कळावं. कागदावर ती मजूर, मी भूवैज्ञानिक. शेतात उतरलं की मात्र मी तिच्यामागे.

काम सांगायला सोपं आहे. जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मीटरवर बघायचा. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्यात, तितकी वीज खोल उतरते. जमीन विजेला किती अडवते याचा आकडा प्रत्येक अंतराला मिळतो, त्या आकड्यांचा आलेख काढला की खालचे थर उलगडू लागतात. अखंड कोरडा खडक विजेला दाद देत नाही, आकडा चढत जातो. भेगांत पाणी असेल तर आकडा जरा नरमतो. पण फार खाली पडला तर हुरळून जायचं नाही, कारण चिकणमातीही तेवढाच कमी आकडा देते आणि चिकणमाती पाणी धरते, सोडत नाही.

खुंट्या ठोकायच्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, वायर ओढत पुढच्या खुणेपर्यंत जायचं आणि तिकडून "साठ" म्हणून ओरडायचं, हे मावशीचं काम. आलेख तिला वाचता येत नसे. आकडे मात्र पाठ असत, आणि तेही चार वर्षांपूर्वीच्या गावाचे. तिची एक खोड होती. कुठेही आकडे चांगले आले की ती त्याच जागी पहिल्या ओळीला काटकोनात दुसरी ओळ टाकायला लावायची. "आडवं विचारल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही," हा तिचा नेम. मला सुरुवातीला हे फार जाचक वाटे. उन्हात दोनदा तेच काम कोण करणार?

त्या दिवशीचं काम एका छोट्या दवाखान्याच्या आवारात होतं. दवाखान्याची जुनी बोअर आटली होती आणि पाण्याअभावी प्रसूतीची खोली दोन वर्षं बंद होती. बाळंतपणाला आलेल्या बायकांना दोन तासांच्या रस्त्याने मोठ्या रुग्णालयात पाठवत. खात्याने एकच नवी बोअर मंजूर केली होती. ती कोरडी गेली तर खोली कायमची दुसरीकडे हलणार होती. आणि मावशीची लेक तिथल्याच गावात दिली होती, सातवा महिना चालू होता. पहिल्या खेपेला रस्त्यातच बाळंत होऊन तिचं मूल गेलं होतं. मावशी हे सगळं मला जीपमध्ये सांगून मोकळी झाली आणि वर म्हणाली, "तुम्ही मात्र त्याचा विचार करू नका, मॅडम. मीटर बघा."

मी नेमका तोच विचार केला. कुंपणाच्या कडेने सपाट, मोकळी पट्टी होती, तिथे ओळ टाकली. दहा मीटरला अठ्ठेचाळीस, वीसला सत्तर, मग चाळीसला बावन्न, साठला एकतीस, ऐंशीला चोवीस. आलेख कसा सुरेख खाली वळला. इकडे चिकणमातीचा कुठे पत्ता नव्हता, म्हणजे भेगांतलं पाणीच, असं मी ठरवून टाकलं. मावशी दूर टोकाला वायर गुंडाळत होती. मी दवाखान्याच्या सिस्टरना बोलावलं, मधोमध पांढरा खुंटा ठोकला आणि म्हणाले, "इथे." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

सिस्टर पन्नाशीच्या, कडक बाई. त्यांनी खुंट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ माझा हात धरला. "आजच खोली धुवायला काढते," म्हणाल्या.

मावशी आली, खुंटा बघितला. मग कुंपणाकडे गेली. तारेचं कुंपण, दर तीन मीटरला लोखंडी खांब, जमिनीत रुतलेले. आमची ओळ त्याच्या शेजारून चार पावलांवर, शेवटपर्यंत.

"मॅडम, वीज जमिनीतून चालली होती की कुंपणातून?"

लोखंडाची एवढी लांब वाट शेजारी असल्यावर वीज खडकात कशाला डोकं आपटेल? ओळ जितकी लांब, तितका कुंपणाचा हात मोठा, म्हणून आकडा खाली. कॉलेजात मी हे शिकले होते आणि परीक्षेत लिहूनही आले होते.

"आडवी टाकू," ती म्हणाली. लेक तिचीच, खुंटा उपटायला निघालीही तीच.

आडवी ओळ कुंपणापासून दूर पळत गेली आणि सगळं उघडं पडलं. वीसला पंच्याऐंशी, चाळीसला एकशेसाठ, साठला दोनशेतीस. खाली अखंड कोरडा दगड. तो आलेख बघून मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. सिस्टरना सांगायला मीच गेले. बादली आणि खराटा घेऊन त्या दारात उभ्या होत्या. "माझी चूक झाली, इथे पाणी नाही," एवढंच म्हणता आलं. त्या म्हणाल्या, "दुसरीकडे बघा मग. मी बादली खाली ठेवत नाही."

आता जागा उरली होती ती मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली. उतरती, गैरसोयीची, म्हणून मी ती सकाळी टाळली होती. मावशीने सगळी धुणी स्वतः उतरवली आणि टाकली ओळ. तीसला बावन्न, चाळीसला सत्तर. आकडा चढत होता, मी आशा सोडली. पन्नासला चौऱ्याहत्तर. साठला शहात्तर. चढता चढता तो मधेच दमला आणि ऐंशीला पुन्हा उठून एकशेपाच झाला. आलेखात एवढासा बाक. सुरेख वगैरे काही नव्हता. पण अखंड दगड असा दम खात नाही, मधे कुठेतरी तो फुटलेला असावा. आडवी ओळ टाकली, बाक तिथेच. माझ्या जिवात जीव आला.

"आता सांगा सिस्टरना," मावशी म्हणाली. "पण 'नक्की' म्हणू नका. आपण जमिनीला विचारतो, आत जाऊन बघून कुठे येतो?"

पुढच्या आठवड्यात बोअरची गाडी आली. तीस मीटरपर्यंत करडी धूळ उडत राहिली. मावशी एका दगडावर बसली होती आणि लेक तिच्या शेजारी, पोटावर हात ठेवून. चाळीसला धूळ ओलसर झाली. चव्वेचाळीसला बोअरवाल्याने मागे व्हा अशी खूण केली आणि पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. फार नव्हतं, तासाला तीन हजार लिटर. सिस्टर म्हणाल्या, खोलीला पुरून उरेल.

दोन महिन्यांनी मी दवाखान्यात गेले, ती मावशीच्या नातीला बघायला. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप, त्याच खोलीत. मावशी नळाखाली हात धूत होती, हातांवरचा साबण कधीच धुऊन गेला होता तरी. सिस्टरनी टॉवेल पुढे केला, "पुसा आणि घ्या नातीला."

"घेते," मावशी म्हणाली. "जरा हात ओले राहू द्या."