पाचशेच्या अलीकडे

ब्रोकरच्या ऑफिसात येऊन वहिनी त्याला ‘भावोजी’ अशी हाक मारायची, म्हणून तिथे सगळेच त्याला भावोजी म्हणू लागले. ग्राहकांच्या ऑर्डरी टाकणं हे त्याचं काम. नवीन माणूस आला की तो चार्ट दाखवायचा. “हा शेअर दोनदा पाचशेपाशी येऊन माघारी फिरलाय. सगळ्यांच्या डोक्यात गोल आकडा असतो, त्यामुळे विकणाऱ्यांची झुंबड तिथेच. आपण जरा अलीकडेच विकून मोकळं व्हायचं.”

वहिनीलाही तो हेच सांगणार होता. पण फोनवर तिने त्याला बोलूच दिलं नाही. “पाचशे म्हणजे पाचशे. मला शहाणपण शिकवू नका.”

त्याला ते झोंबलं. बरं म्हणून त्याने तिची ऑर्डर पाचशेला लावली आणि स्वतःकडचे तेच शेअर चारशे अठ्ठ्याण्णवला विकायला टाकले.

दुपारी भाव चारशे नव्व्याण्णवपर्यंत चढला, तिथेच अडखळला आणि घसरत गेला. त्याचे शेअर विकले गेले होते, तिचे तसेच राहिले. बाजार बंद झाला तेव्हा भाव चारशे सत्तरवर होता. एवढंसं सांगायला आपलं काय जात होतं, हे त्याला राहून राहून वाटत होतं.

संध्याकाळी वहिनी आली. तो बोलणी खायच्या तयारीत होता. ती खुर्चीत बसली, स्क्रीनकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “माझं जाऊ द्या. तुमचेही होते ना यात? माझ्या हट्टापायी तुम्हीही पाचशेसाठी थांबलात.”

तो हो म्हणाला.